जोडीदारांच्या रूपसाम्याचे गृहीतक

प्रेमात पडलेल्या किंवा लग्न झालेल्या दोघांचे रूप बहुधा एकमेकांच्या तोडीचे असते, असे मांडणारे सामाजिक मानसशास्त्रातील गृहीतक. जोडप्यांत असे साम्य आढळते, हे आता पुरेसे सिद्ध झाले आहे. ते का आढळते, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

एलेन वॉल्स्टर आणि सहकाऱ्यांनी 1966 साली मिनेसोटा विद्यापीठात हे गृहीतक तपासले. नव्या विद्यार्थ्यांसाठी नृत्याचा कार्यक्रम ठेवला आणि जोड्या संगणक जुळवणार असल्याचे सांगितले. प्रत्यक्षात जोड्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा लावल्या होत्या. मुलगी मुलापेक्षा उंच नसावी एवढेच पाहिले होते. आपल्या तोडीचा जोडीदार मिळालेले विद्यार्थी अधिक खूश असतील, अशी अपेक्षा होती. ती फसली. स्वतःचे रूप कसेही असो, ज्याला देखणा जोडीदार मिळाला त्याला तो अधिक आवडला.

तरीही खऱ्या जोडप्यांत साम्य दिसते. बर्नार्ड मर्स्टाइन यांनी 1972 साली त्यासाठी साधी रीत वापरली. दोघांचे फोटो वेगवेगळे दाखवून त्रयस्थांकडून गुण घ्यायचे, आणि खऱ्या जोडप्यांतला गुणांचा फरक यदृच्छेने लावलेल्या जोड्यांतल्या फरकाशी ताडून पाहायचा. खऱ्या जोडप्यांतला फरक कमी निघाला. या रीतीत एक काळजी घ्यावीच लागते: कोण कोणाबरोबर आहे हे परीक्षकाला कळता कामा नये. दोघे एकाच फोटोत दिसले, तर एकाच्या रूपाची छाप दुसऱ्याच्या गुणांवर पडते आणि साम्य फुगते.

सगळ्यांना देखणाच जोडीदार हवा असेल, तर जोड्या तोडीस तोड कशा जमतात? दादरच्या एखाद्या सभागृहातला वधू-वर मेळावा डोळ्यांसमोर आणू. चार मुलगे, चार मुली. दोन्हीकडे रूपाचे गुण 9, 7, 5 आणि 3. पत्रिका, पगार, स्वतःची जागा हे सारे तूर्त बाजूला ठेवू. चारही मुलगे 9 गुणांच्या मुलीला विचारतात. ती अर्थातच 9 गुणांच्या मुलाला होकार देते, आणि ही जोडी बाजूला होते. उरलेले तिघे 7 गुणांच्या मुलीकडे वळतात. तिथे 7 गुणांच्या मुलाचे जमते. याच क्रमाने शेवटी 3 आणि 3 उरतात. प्रत्येक जोडीतला फरक शून्य. याच आठ जणांच्या जोड्या चिठ्ठ्यांनी लावल्या असत्या, तर फरक सरासरी 2.5 गुण आला असता. आपल्या बरोबरीचेच स्थळ हवे, असे इथे एकालाही वाटलेले नव्हते. नकारांनीच साम्य घडवले.

मायकेल कॅलिक आणि थॉमस हॅमिल्टन यांनी 1986 साली हेच संगणकावरच्या प्रारूपात दाखवले. त्यात योगायोगाला वाव होता, त्यामुळे जुळणी आपल्या मेळाव्याइतकी काटेकोर नव्हती. प्रत्येकजण देखण्याच्याच मागे असूनही जोडीदारांच्या रूपात सुमारे 0.55 इतका सहसंबंध आला, जिथे 0 म्हणजे काहीच संबंध नाही आणि 1 म्हणजे पूर्ण जुळणी; म्हणजेच जोडप्यांतल्या साम्यावरून त्यांची आवड ओळखता येत नाही. साम्यावरून आवड ठरवण्याची चूक या गृहीतकाबद्दल लिहिताना अनेकदा होते. ॲलन फाइनगोल्ड यांच्या 1988 च्या एकत्रित विश्लेषणात खऱ्या जोडप्यांतला सहसंबंध 0.39 च्या आसपास होता. याचा वर्ग केला तर जेमतेम 0.15 येतो, म्हणजे माणसामाणसांच्या रूपातल्या फरकापैकी सुमारे 15 टक्केच जोडीदाराच्या रूपाशी जुळतो, त्यामुळे विजोड दिसणारी जोडपी भरपूर असणारच.

यांतले काही अपवाद ओळखीच्या कालावधीने उलगडतात. मेळाव्यात किंवा कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात अनोळखी माणसे थोड्या वेळात निर्णय घेतात. हाताशी रूपाखेरीज फारसे काही नसते, आणि कोण देखणे यावर अनोळखी माणसांचे बऱ्यापैकी एकमत होते. तेच आठ जण परळच्या एका कार्यालयात वर्षभर शेजारी काम करत असते, तर एकाच व्यक्तीला प्रत्येकाने वेगळे गुण दिले असते. 5 गुणांचा मुलगा एखादीला 8 चा वाटला असता, दुसरीला 4 चा. सर्वांची चढाओढ एकाच व्यक्तीसाठी राहिली नाही की वरची चाळण सैल पडते. लुसी हंट, पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांनी 2015 साली 167 जोडप्यांत हेच पाहिले: ओळख झाल्यावर लगेच जमलेल्यांत रूपसाम्य जास्त होते, तर आधी मैत्री असलेल्यांत किंवा जमण्यापूर्वी दीर्घ ओळख असलेल्यांत ते बरेच कमी होते.

विजोड जोडप्याबद्दल मुंबईत पटकन दिले जाणारे स्पष्टीकरण निराळे असते: पगार किंवा फ्लॅट पाहून होकार दिला. रूपाच्या बदल्यात प्रतिष्ठा, ही कल्पना एलिझाबेथ मॅक्लिंटॉक यांनी 2014 साली अमेरिकी तरुण जोडप्यांवर तपासली. सुस्थितीतली माणसे मुळातच अधिक आकर्षक ठरवली जातात. हे हिशेबात घेतल्यावर असा सौदा जवळजवळ दिसेनासा झाला. रूपाला रूप आणि स्थितीला स्थिती, असेच जुळत होते. हा निष्कर्ष स्वतः जमवलेल्या जोड्यांचा आहे. घरच्यांनी पत्रिका, जात आणि नोकरी पाहून आधीच गाळलेल्या स्थळांना तो तसाच लावता येत नाही, कारण तिथे रूपाची तुलना सुरू होण्यापूर्वीच बरेचजण यादीबाहेर गेलेले असतात.