अ‍ॅडमॉब: अकाउंट, टेस्ट अ‍ॅड आणि जाहिरात नेमकी कुठे लावायची

अ‍ॅडमॉब म्हणजे आपल्या अ‍ॅपमध्ये जाहिराती दाखवून पैसे मिळवून देणारी गूगलची सेवा. तिचं अकाउंट काढायला वय 18 पूर्ण हवं आणि एका माणसाचं एकच अकाउंट, दुसरं काढलं तर बंद पडू शकतं. नाव बँक खात्यावर आहे तसंच टाका, पत्ता पिनकोडसकट नीट लिहा, कारण कमाई 10 डॉलरला पोचली की पत्ता पडताळायचा पिन पोस्टाने घरी येतो आणि तो टाकल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. पैसे 100 डॉलर जमल्यावरच निघतात.

अ‍ॅप जोडलं की दोन आयडी मिळतात. `~` असलेला अ‍ॅप आयडी `AndroidManifest.xml` मध्ये जातो, तो विसरलात तर अ‍ॅप उघडताच क्रॅश होतं. `/` असलेला अ‍ॅड युनिट आयडी कोडमध्ये. पण अ‍ॅप बनवताना स्वतःचे अ‍ॅड युनिट वापरूच नका, गूगलनेच दिलेले हे टेस्टचे टाका (अँड्रॉइडसाठी):

```
banner:       ca-app-pub-3940256099942544/9214589741
interstitial: ca-app-pub-3940256099942544/1033173712
```

जाहिरातीवर `Test Ad` दिसलं म्हणजे बिनधास्त क्लिक करा. स्वतःच्या खऱ्या जाहिरातीवर आपण किंवा मित्रांनी केलेले क्लिक मात्र खोटे धरले जातात आणि त्यापायी अकाउंट जातं, हे फार कळकळीने सांगतोय. खरे आयडी टाकून आपल्याच फोनवर बघायचं असेल तर लॉगकॅटमध्ये `setTestDeviceIds` असलेली ओळ शोधा, तिच्यातला आयडी कोडमध्ये टाकला की त्या फोनवर टेस्ट जाहिरातीच येतात.

आता जागा, आणि खरी गडबड इथेच होते. समजा एमपीएससीच्या सरावाचं क्विझ अ‍ॅप आहे, 20 प्रश्न, खाली ‘पुढचा प्रश्न’ बटण आणि त्याला चिकटून बॅनर. मुलं भराभर दाबत जातात, बोट घसरून बॅनरवर पडतं, आणि असे चुकून झालेले क्लिक पॉलिसीत बसत नाहीत. क्लिकचं प्रमाण एकदम वाढलं आणि जाहिरात उघडून लोक लगेच मागे येतायत असं वाटलं तर खुश होऊ नका, लेआउट तपासा. बटण वर प्रश्नाजवळ न्या, बॅनर तळाला एकटा ठेवा, मध्ये चांगली मोकळी जागा सोडा, आणि बॅनर लोड व्हायच्या आधीपासूनच त्याची जागा राखून ठेवा, नाहीतर तो उशिरा येऊन सगळं वर ढकलतो आणि बोटाखाली नेमकी जाहिरात येते.

इंटरस्टिशियल, म्हणजे पूर्ण स्क्रीनभर येणारी जाहिरात, अ‍ॅप उघडताना किंवा बंद करताना दाखवायची नाही, प्रत्येक प्रश्नानंतर तर नाहीच. विसावा प्रश्न संपला की निकालाचं पान यायच्या आधी दाखवा, तिथे माणूस तसाही थांबलेला असतो. ती पहिल्या प्रश्नालाच लोड करून ठेवा. वेळेला तयार नसेल तर सरळ निकाल दाखवा, कारण निकाल वाचत असताना उशिरा अंगावर आलेली जाहिरातही पॉलिसीविरुद्धच. लोड केलेली जाहिरात तासाभराने शिळी होते आणि एकदाच वापरता येते, म्हणून बंद झाली की पुढची मागवा.

प्ले स्टोअरवर टाकताना टेस्टचे आयडी काढून आपले खरे टाका, फॉर्ममध्ये अ‍ॅपमध्ये जाहिराती आहेत असं सांगा, आणि स्टोअरवर दिलेल्या आपल्या वेबसाइटवर `app-ads.txt` ठेवून अ‍ॅडमॉबमध्ये अ‍ॅप व्हेरिफाय करून घ्या, तोवर जाहिराती कमीच येतात.