पीडीएफच्या पानांचा कागद बदलताना मजकूर का ताणला जातो

अमेरिकेत प्रचलित असलेल्या लेटर कागदावर मांडलेली पीडीएफ ए४ कागदावर आणायची असेल, तर केवळ पानाचा आकार बदलून काम होत नाही. पीडीएफमध्ये अंतरे पॉइंटमध्ये मोजतात आणि एक इंच म्हणजे ७२ पॉइंट. या मापाने लेटरचे पान ६१२ × ७९२ पॉइंट असते, तर ए४चे सुमारे ५९५.२८ × ८४१.८९ पॉइंट. म्हणजे ए४ हा लेटरपेक्षा किंचित अरुंद, पण बराच उंच आहे, आणि सगळी अडचण या वेगळ्या प्रमाणातूनच निर्माण होते.

पानाचा आकार `MediaBox` या नोंदीत चार आकड्यांनी लिहिलेला असतो. पानावर काय आणि कुठे काढायचे याच्या सूचना मात्र वेगळ्या साठवलेल्या असतात, आणि त्यांतील अंतरे सहसा डावीकडच्या खालच्या कोपऱ्यापासून मोजली जातात. त्यामुळे नुसती `MediaBox` बदलली, तर मजकूर जागचा हलत नाही: उजवीकडे जवळजवळ १७ पॉइंट कापले जातात आणि वर सुमारे ५० पॉइंटांची रिकामी पट्टी उरते. म्हणून चौकट बदलण्याबरोबरच आतील रेखाटनालाही गुणक लावावा लागतो.

गुणक निवडतानाच विकृती शिरते. रुंदीचे गुणोत्तर ५९५.२८ ÷ ६१२, म्हणजे ०.९७३ येते, आणि उंचीचे ८४१.८९ ÷ ७९२, म्हणजे १.०६३. दोन्ही दिशांना आपापले गुणक लावले तर पान काठोकाठ भरते, पण ३० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ २९.२ मिलिमीटर रुंद आणि ३१.९ मिलिमीटर उंच होते. अक्षरे रुंदीच्या तुलनेत नऊ टक्के उंच दिसू लागतात. लांबून पाहणाऱ्याच्या हे कदाचित लक्षात येणार नाही, पण चिन्हे आणि आकृत्या पाहताच खटकते. `pypdf` या पायथन ग्रंथालयातील `scale_to` नेमके हेच करते, कारण ती रुंदी आणि उंची यांचे गुणक स्वतंत्रपणे काढते. नाव साधे असल्यामुळे तिच्यावर विसंबून राहणे सोपे आहे, म्हणून हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

योग्य मार्ग म्हणजे दोन्ही गुणोत्तरांतील लहान निवडून दोन्ही दिशांना तेच वापरणे. येथे ते ०.९७२६७ आहे. रुंदी पूर्ण भरते, उंची ७७०.३५ पॉइंट होते आणि ७१.५४ पॉइंट शिल्लक राहतात. ते वर-खाली निम्मे वाटले की प्रत्येकी ३५.७७ पॉइंटांची, म्हणजे साधारण १२.६ मिलिमीटरची पट्टी मिळते. पानाच्या सूचनांच्या आधी पुढील ओळ घातली की रूपांतर होते:

```
q
0.97267 0 0 0.97267 0 35.77 cm
... मूळ सूचना ...
Q
```

पहिला आणि चौथा आकडा समान असणे, हीच विकृती नसल्याची खूण. शेवटचे दोन आकडे सरकवण्यासाठी आहेत. मूळ `MediaBox` शून्यापासून सुरू होत नसेल, तर त्या सुरुवातीच्या आकड्याला गुणक लावून तो यातून वजा करावा लागतो. अन्यथा सर्व मजकूर एका बाजूला घसरतो.

प्रत्येक पानाचे गणित स्वतंत्र करावे, कारण एकाच फाइलमध्ये आडवी पानेही असतात. ७९२ पॉइंट रुंदीचे आडवे लेटर पान उभ्या ए४मध्ये बसवले, तर गुणक ०.७५२ येतो आणि मजकूर पाऊणपट होतो. तेथे आडवा ए४ निवडावा. काही पाने `Rotate` या नोंदीमुळे केवळ दिसताना आडवी असतात, म्हणून दिसणारे रूप नव्हे, तर मूळ चौकट आणि वळण दोन्ही वाचावे लागतात.

फाइलमधील दुवे आणि टिपा रेखाटनाच्या सूचनांत नसतात. त्यांचे आयत `Annots` मध्ये वेगळे असतात. वरची ओळ त्यांना हलवत नाही, त्यामुळे शब्द सरकतो आणि त्यावरचा दुवा जुन्या जागीच राहतो. तयार साधनाने काम करायचे असल्यास घोस्टस्क्रिप्टची ही आज्ञा उपयोगी पडते:

```
gs -o out.pdf -sDEVICE=pdfwrite -sPAPERSIZE=a4 -dFIXEDMEDIA -dPDFFitPage in.pdf
```

ती फाइल नव्याने लिहिते, त्यामुळे भरण्याचे अर्ज असलेली पीडीएफ तिच्याकडे देण्यापूर्वी एक प्रत जपून ठेवावी. नंतर `pdfinfo -f 1 -l 9999 out.pdf` ने प्रत्येक पानाचे माप तपासावे आणि एखाद्या वर्तुळाची रुंदी व उंची पडद्यावर मोजून पाहावी.

प्रमाणबद्ध नकाशे आणि यंत्रचित्रे यांना मात्र हा उपाय लागू नाही. समान गुणकाने आकार टिकतो, पण १० मिलिमीटरची रेघ ९.७३ मिलिमीटरची होते आणि १:१०० अशी नोंद खोटी ठरते. तेथे गुणक १ च ठेवून चित्र मध्यभागी आणावे; लेटरवरून ए४वर येताना दोन्ही बाजूंची प्रत्येकी जेमतेम तीन मिलिमीटर जागा जाते, आणि तेवढा कोरा समास चित्राला असेल तर काहीच कापले जात नाही.