बेल्ट आला, फावडे मात्र राहिले

वीज केंद्रात कोळसा पूर्वी माणसे फावड्याने ओढत आणि भट्टीत टाकत. 1892 पासून टॉमस रॉबिन्स यांनी कोळसा आणि खनिजे वाहणारे रबरी बेल्ट विकसित केले, आणि वाहतुकीतले फावडे हळूहळू गेले. सांडलेला कोळसा भरायला मात्र ते राहिले, आणि कन्व्हेअरवरचे कितीतरी अपघात या साफसफाईतच होतात.

राखेचेही तसेच. जाळीवर कोळसा जळायचा तेव्हा बरीचशी राख खालीच उरायची. 1920 च्या सुमारास अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या केंद्रात दळलेला कोळसा जाळायला सुरुवात झाली. अशा बॉयलरमध्ये सुमारे 80 टक्के राख धुराबरोबर उडते. ती पकडायला 1923 मध्ये डेट्रॉइट परिसरातल्या ट्रेंटन चॅनेल केंद्रात ईएसपी, म्हणजे विजेच्या भाराने धुरातली राख ओढून घेणारा संच, बसला. तेव्हापासून राख हॉपरमध्ये जमते, आणि तिथली गळती माणसालाच साफ करावी लागते. या राखेत सिलिका असते, आणि तिचे सर्वांत बारीक कण फुफ्फुसात खोलवर जातात. म्हणून ती कोरड्या झाडूने किंवा कॉम्प्रेस्ड हवेने उडवू नये. बारीक फिल्टरच्या व्हॅक्यूमने ओढावी आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा धूळरोधक मास्क लावावा. तोंडाला बांधलेला रुमाल इथे कामाचा नाही.

आता टेल पुलीपाशी, म्हणजे बेल्टच्या मागच्या टोकाच्या चाकापाशी, या. बेल्ट सेकंदाला 3 मीटर धावतो आहे. रिटर्न बाजूचा, म्हणजे खालून रिकामा परतणारा, बेल्ट पुलीत शिरतो तिथून 30 सेंटीमीटरवर फावड्याचे टोक बेल्टला लागले, तर ते 0.1 सेकंदात पुलीत जाते. माणसाला फावडे सोडायचे सुचायलाच साधारण पाव सेकंद लागतो. म्हणजे ‘सांभाळून काम करा’ या सूचनेला इथे काही अर्थ नाही. पुल कॉर्ड, म्हणजे बेल्ट बंद करायची कडेची दोरी, ओढली तरी बेल्ट जागच्या जागी थांबत नाही: थांबायला 5 सेकंद लागले, तर तेवढ्यात तो सुमारे साडेसात मीटर पुढे जातो.

म्हणून पुलीला जाळी हवीच, आणि जाळी काढायची असेल तर आधी बेल्ट बंद हवा. नुसती पुल कॉर्ड ओढून काम सुरू करू नये. कोणीतरी ती रीसेट करतो आणि कंट्रोल रूममधून बेल्ट चालू होतो. मोटरचा ब्रेकर बाहेर काढून त्याला स्वतःचे कुलूप लावावे, किल्ली खिशात ठेवावी, टॅग लावावा, बेल्टजवळ कोणी नाही हे पाहून स्टार्ट बटण दाबून बघावे. चढत्या बेल्टवर कोळसा असेल तर वीज नसतानाही तो मागे सरकू शकतो, आणि काउंटरवेट बेल्टला ताण देतच असतो. दोन्ही अडकवल्याशिवाय आत हात घालू नये.

सांडलेला कोळसा कुठून आला, हे त्याच फेरीत शोधावे. लोडिंग च्यूटखाली बेल्टच्या दोन्ही कडांना ढीग असेल तर कडेने कोळसा अडवणारे स्कर्ट रबर झिजले आहे. एकाच बाजूला असेल तर बेल्ट सरकतो आहे, किंवा च्यूट एकाच बाजूला माल टाकते आहे. रिटर्न आयडलरखाली, म्हणजे परतीचा बेल्ट पेलणाऱ्या रोलरखाली, ओळीने ढिगारे दिसले तर पुढच्या टोकाच्या हेड पुलीचा स्क्रॅपर ओला कोळसा खरवडत नाही; आधी त्याचे ब्लेड बदलावे.