आर्टिकलशिपमधली ती एक सही

सीएच्या ऑफिसातून रात्री दहाला सुटणारा, क्लायंटसमोर बोलणी खाणारा आर्टिकल, म्हणजे सीए होण्यासाठी तिथे उमेदवारी करणारा विद्यार्थी, ‘मग ऑफिस बदल की’ या सल्ल्यावर गप्प बसतो. प्रिन्सिपल, म्हणजे ज्या सीएकडे तो उमेदवारी करतो तो, सही अडवेल ही त्याची भीती जुनी आहे.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये वकील व्हायचं तर पाच वर्षांची उमेदवारी कायद्यानेच सक्तीची झाली. ती मिळवायला उमेदवाराचे वडील वकिलाला प्रीमियम मोजत. हीच पद्धत मुंबईच्या सॉलिसिटरांकडे आली आणि हिशेबनिसांकडेही. मुंबई सरकारने १९१८ मध्ये जीडीए ही हिशेबनिसांची पदविका सुरू केली, तिलाही मान्यताप्राप्त अकाउंटंटकडची तीन वर्षं जोडलेली होती. १९४९ च्या सीए कायद्याने संस्था नवी उभी केली, पण उमेदवारीची ही साखळी कायम राहिली. पुढे प्रीमियम घेण्यावर बंदी आली, उलट किमान स्टायपेंड देणं बंधनकारक झालं. पैशाची दिशा पालटली, सही मात्र प्रिन्सिपलकडेच राहिली: सोडताना फॉर्म १०९ वर, पूर्ण करताना फॉर्म १०८ वर. त्यात पहिलं वर्ष सरलं की ठरावीक कारणांशिवाय ट्रान्सफर नाही, असा नियम वर्षानुवर्षं होता. २०२३ पासून मुदत तीनवरून दोन वर्षांवर आली, एवढाच काय तो दिलासा.

सही अडवून ठेवली, तर संस्थेकडे प्रिन्सिपलविरुद्ध तक्रार करता येते. पण तिथे ‘सर फार राबवतात’ या वाक्याला वजन नसतं. नियमात आठवड्याचे तास ३५ आहेत, जेवणाची सुट्टी वगळून. आता टॅक्स ऑडिटचा सप्टेंबर घ्या: सहा दिवस सकाळी साडेनऊ ते रात्री साडेनऊ, जेवणाचा अर्धा तास वजा केला तर ६९ तास. म्हणजे जवळजवळ दुप्पट. हे सिद्ध व्हायला त्याच रात्री लिहिलेली नोंद लागते: आल्याची-गेल्याची वेळ, कुणाचं ऑडिट, कुणी थांबवलं. अपमानाचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, समोर कोण होतं तेही. ‘घाणेरडं बोलले’ हा आपला निष्कर्ष झाला, पुरावा नव्हे. ‘सुट्टी घेतलीस तर सही विसर’ हे तोंडी सांगितलं असेल, तर त्याच संध्याकाळी साधा ईमेल करावा: ‘आज आपण रजेबद्दल असं म्हणालात, मी बरोबर समजलो ना?’ उत्तर आलं नाही, तरी तारीख राहते. स्टायपेंड बँकेत जमा करून रोख परत मागत असतील, तर खात्याचा उतारा आणि मागणीचा मेसेज दोन्ही जपावेत.

एक चूक मात्र महागात पडते. पुरावा म्हणून क्लायंटची वर्किंग पेपर्स घरी नेली की तक्रार उलटते आणि गोपनीयतेचा भंग केल्याचा ठपका आर्टिकलवरच येतो. आपले तास, आपले मेसेज, एवढंच पुरे.

लैंगिक छळाचा रस्ता वेगळा आहे. २०१३ च्या कायद्यात कर्मचारी या व्याख्येत प्रशिक्षणार्थीही येते, त्यामुळे ‘ती आमची नोकर नाही’ हे उत्तर चालत नाही. दहापेक्षा कमी माणसांच्या ऑफिसात अंतर्गत समिती नसते, तिथे तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते.