सिकलसेलच्या रुग्णाला ‘कॅन्सरची गोळी’ का देतात?

किनवट-माहूर भागात सिकलसेलचे रुग्ण असलेली अनेक घरे आहेत. हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूल घरी आल्या की शिकलेला पोरगा मोबाईलवर नाव शोधतो आणि ‘हे तर कॅन्सरचं औषध’ म्हणून सगळे घाबरतात. पाकीट फळीवर तसेच पडून राहते. औषध रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये वापरतात, हे खरेच आहे. पण सिकलसेलमध्ये ते वेगळ्याच कामासाठी देतात, आणि ते काम मला फार सुंदर वाटते. आपण जन्मापूर्वी वापरत होतो ते हिमोग्लोबिन या औषधामुळे शरीर पुन्हा बनवू लागते.

आईच्या पोटात बाळाच्या लाल पेशींमध्ये ‘एफ’ हिमोग्लोबिन असते. त्यात दोन अल्फा आणि दोन गॅमा साखळ्या असतात. जन्मानंतर गॅमाचे जनुक हळूहळू थंडावते आणि बीटाचे जनुक जोर धरते. सिकलसेलचा दोष या बीटा साखळीत आहे. तिच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, आणि अशा साखळीच्या हिमोग्लोबिनला ‘एस’ म्हणतात. म्हणूनच आई-वडील दोघांकडूनही हा दोष मिळालेले बाळ पहिले काही महिने चांगले खेळते आणि साधारण सहा महिन्यांनंतर एक दिवस त्याचे हात-पाय सुजतात. ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी 1948 मध्येच हे ताडले होते. नवजात बाळाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी कमी दिसतात, त्या अर्थी गर्भातले हिमोग्लोबिन त्याला वाचवत असले पाहिजे, असे त्यांनी मांडले.

वाचवते कसे, ते जरा सावकाश पाहू. ऑक्सिजन सोडून दिला की ‘एस’ हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि पेशीत लांब कडक धागे तयार होतात. सहाव्या जागेवरचे व्हॅलिन शेजारच्या रेणूतल्या खोबणीत बसते आणि अशी ओळ वाढत जाते. रेल्वेच्या डब्यांसारखे हे जोडकाम आहे असे समजा. एफ हिमोग्लोबिन म्हणजे कपलिंग न जुळणारा डबा. गॅमा साखळीत 87 व्या जागी वेगळे अमिनो आम्ल असल्यामुळे तिथली जोडणी बसत नाही. शिवाय पेशीत एस आणि एफचे अर्धे-अर्धे भाग एकत्र येऊन मिश्र रेणू बनतात, आणि हे मिश्र रेणूही ओळीत शिरत नाहीत. साध्या ‘ए’ हिमोग्लोबिनचे तसे नाही. त्याचा एसशी झालेला मिश्र रेणू काही प्रमाणात धाग्यात शिरतो. त्यामुळे सिकलसेल रोखण्याच्या कामात एफ हे नेहमीच्या हिमोग्लोबिनपेक्षाही सरस ठरते.

आता वेळेचा हिशेब. एस हिमोग्लोबिनचे धागे ऑक्सिजन सुटताक्षणी तयार होत नाहीत, सुरुवातीला थोडा विलंब होतो. लाल पेशी केशवाहिनीतून साधारण एका सेकंदात पार होते. धागे तयार होण्यापूर्वी ती फुफ्फुसाकडे परतली आणि तिला ऑक्सिजन मिळाला, तर काहीच बिघडत नाही. उशीर झाला तर ती कडक होऊन वाट अडवते. मग पुढच्या हाडाला रक्त मिळत नाही आणि त्या असह्य वेदना सुरू होतात. हा विलंब एस किती दाटीने भरले आहे यावर फार तीव्रपणे अवलंबून असतो, प्रयोगांत साधारण 15 ते 30 व्या घाताने. म्हणजे दाटी फक्त 10 टक्के कमी झाली, तरी विलंब किमान चार-पाच पट वाढतो, काही परिस्थितीत वीस पटींहून जास्त. एफ थोडेच वाढूनही वेदनेचे झटके एवढे का कमी होतात, याचे उत्तर या घातांकात आहे.

हायड्रॉक्सीयुरिया डीएनएच्या विटा बनवणारे एक विकर काही तासांपुरते अडवते. अस्थिमज्जेतल्या वेगाने विभागणाऱ्या पेशी थबकतात. मग मज्जा घाईने अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या पेशी कामाला लावते, आणि त्यांच्यात गॅमा जनुक अजून पुरते थंडावलेले नसते. त्याबरोबर लाल पेशी आकाराने मोठ्या होतात, म्हणजे एसची दाटी तशीही घटते. रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटणाऱ्या पांढऱ्या पेशीही कमी होतात.

अमेरिका आणि कॅनडात 299 प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषधाविना नुसती गोळी घेणाऱ्यांना वर्षाला 4.5 झटके आले, तर हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्यांना 2.5. छातीतला धोकादायक त्रास आणि रक्त चढवण्याची गरज, दोन्ही कमी झाल्या. त्या रुग्णांचा पुढे अनेक वर्षे पाठपुरावा झाला, तेव्हा औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यूही कमी दिसले. या औषधाने सिकलसेलच्या रुग्णांत कॅन्सर वाढल्याचे आजवरच्या पाठपुराव्यात दिसलेले नाही.

आता 25 किलो वजनाचा एक काल्पनिक मुलगा घेऊ. भारतातल्या अनेक रुग्णांत एफ मुळातच बऱ्यापैकी असते, म्हणून आपल्याकडे अनेक डॉक्टर किलोला 10 मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात. या मुलासाठी ते रोज 250 मिलिग्रॅम होतात. कॅप्सूल 500 ची असेल तर डॉक्टर ती एक दिवसाआड देतात, घरी फोडून अर्धी करायची नसते. सुरुवातीला दर काही आठवड्यांनी रक्त तपासतात. पांढऱ्या पेशींतले न्यूट्रोफिल किंवा प्लेटलेट फार उतरले, तर औषध थांबवतात आणि पेशी सावरल्यावर कमी मात्रेने पुन्हा सुरू करतात. रिपोर्टमध्ये एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा आकार लिहिलेला असतो. समजा तो सुरुवातीला 78 होता आणि तीन-चार महिन्यांनी 90 झाला, एफही 14 वरून 20 टक्क्यांवर गेले. याचा अर्थ औषध पोटात जाते आहे आणि लागूही पडते आहे. आकार जराही वाढला नाही, तर गोळ्या चुकतात का हे आधी विचारावे. लोहाची कमतरता किंवा सोबत अल्फा थॅलेसेमिया हा दुसरा आनुवंशिक रक्तदोष असेल, तरी आकार वाढत नाही.

एफची सरासरी मात्र फसवू शकते. 20 टक्के म्हणजे प्रत्येक पेशीत 20 नव्हे. काही पेशींत 35 आणि काहींत जवळपास शून्य असू शकते, आणि त्या शून्यवाल्या पेशी वाट अडवतात. एफ बरे असूनही एखाद्याला झटके का येतात, ते यातून समजते.

झटका आला की अंगात आलेल्या माणसापुढे मूल बसवणारे लोक आजही भेटतात. त्यात मुलाचे पाणी आणि वेदनाशामक औषध दोन्ही लांबते, आणि धागे तोवर वाढतच असतात. ‘रक्त शुद्ध करणारी’ महागडी टॉनिकेही तशीच. गॅमा साखळीशी त्यांचा काही संबंध नाही. जनुक-उपचाराच्या बातम्याही जपून वाचाव्यात. अमेरिकेत 2023 च्या डिसेंबरमध्ये मान्यता मिळालेला एक उपचार एफच वाढवतो, पण गॅमा जनुकाला दाबणारा स्विच कापून. मान्यतेच्या वेळी त्याची किंमत 22 लाख डॉलर होती. कॅप्सूल मात्र आज हातात आहे.

चालू झटक्यावर ही कॅप्सूल उपयोगाची नाही, तिचा परिणाम दिसायला महिने लागतात. मूल होऊ द्यायचे असेल, तर स्त्री आणि पुरुष दोघांनीही आधीच डॉक्टरांशी बोलावे. आणि औषध बंद केले की एफ काही आठवड्यांत पुन्हा खाली येते. दिवाळीनंतर कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांत नेमके हेच घडते. चार-पाच महिने गोळी नाही, तपासणी नाही, आणि उन्हाळ्यात घरी परतले की पहिला झटका येतो. म्हणून निघण्याआधीच पुरेशा कॅप्सूल आणि शेवटचा रक्ताचा रिपोर्ट सोबत घ्यावा, म्हणजे जिथे जाल तिथल्या दवाखान्यात न्यूट्रोफिल आणि एमसीव्ही आधीच्या आकड्यांशी ताडून पाहता येतील.