पार्श्वभूमी: हॅमिंग कोड बिट दुरुस्त करतो, सीआरसी फ्रेम टाकून देतो, असं का?

नेटवर्क्सच्या पेपरात हे दोन प्रश्न बहुतेक वेळा शेजारीशेजारीच येतात. एकात आलेल्या कोडवर्डमधला चुकलेला बिट शोधून दुरुस्त करायचा असतो, दुसऱ्यात डेटाला जनरेटरने भागून बाकी काढायची असते. दोन्ही एकाच धड्यात असल्यामुळे ती एकाच गरजेतून आली असावीत असं वाटतं. प्रत्यक्षात त्यांच्यामागच्या गरजा वेगळ्या होत्या.

हॅमिंग कोडचा जन्म नेटवर्कमध्ये झालाच नाही. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात एका अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत रिलेवर चालणारं गणनयंत्र होतं. चूक झाली की ते यंत्राला कळायचं. कामाच्या दिवशी माणसं येऊन दुरुस्ती करायची, पण शनिवार-रविवारी तिथे कोणी नसायचं, म्हणून यंत्र ते काम सोडून पुढचं घ्यायचं. सोमवारी हाती काहीच लागायचं नाही. चूक झाली हे यंत्राला कळतं, तर ती कुठे झाली हे का कळू नये, या प्रश्नातून हा कोड आला. त्यावरचा लेख १९५० मध्ये छापून आला. पुन्हा विचारायला समोर कोणी नाही, ही त्यातली मूळ अट होती आणि पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

पॅरिटी बिट १, २, ४, ८ या जागांवर बसतात हे सगळ्यांना माहीत असतं. गोंधळ होतो तो जागा कुठून मोजायच्या यावर. १९५० च्या लेखातल्या तक्त्यात त्या डावीकडून आहेत. काही पाठ्यपुस्तकं तशीच मोजतात, काही उजवीकडून, आणि दोन्ही प्रकारची पुस्तकं आपल्याकडे वाचली जातात. उजवीकडून मोजण्यामागचं कारण समजण्यासारखं आहे, कारण बायनरीत सर्वांत कमी किमतीचा बिट उजवीकडेच असतो. पण प्रश्नपत्रिकेत दिशा लिहिलेली नसेल तर एकाच प्रश्नाची दोन बरोबर उत्तरं निघतात.

डेटा 1100 आणि सम पॅरिटी घेऊन बघा. डावीकडून मोजलं तर डेटाचे बिट ३, ५, ६, ७ या जागांवर अनुक्रमे 1, 1, 0, 0 असे बसतात. पहिला पॅरिटी बिट जागा ३, ५, ७ बघून 0 येतो, दुसरा ३, ६, ७ बघून 1 आणि चौथ्या जागेवरचा ५, ६, ७ बघून 1. कोडवर्ड झाला 0111100. आता तोच डेटा उजवीकडून मोजून मांडा. जागा ७ डावीकडे जाते आणि कोडवर्ड होतो 1100001. दोन्ही निर्दोष आहेत.

घोटाळा पुढे होतो. हे 1100001 डावीकडून मोजणाऱ्याच्या हाती दिलं तर त्याच्या तपासणीत चौथ्या जागेवर चूक निघते. तो तो बिट उलटतो, 1101001 मिळवतो आणि त्यातून 0001 हा डेटा वाचतो. वाटेत एकही बिट बिघडलेला नव्हता. म्हणून उत्तराच्या पहिल्याच ओळीत दिशा आणि पॅरिटी सम की विषम हे लिहावं. मला विचाराल तर ही जबाबदारी मुळात पेपर काढणाऱ्याची आहे. उत्तरसूचीत एकच कोडवर्ड देऊन दुसऱ्याला शून्य गुण देणं हा विद्यार्थ्यावर सरळ अन्याय आहे.

दिशा पक्की असली की दुरुस्ती सोपी आहे. 0111100 पाठवलं आणि 0111110 आलं असं धरू. जागा १, ३, ५, ७ मध्ये दोन 1 आहेत, म्हणजे तपासणी 0. जागा २, ३, ६, ७ मध्ये तीन 1, म्हणून 1. जागा ४, ५, ६, ७ मध्येही तीन, म्हणून 1. मोठ्या तपासणीपासून वाचलं की 110, म्हणजे सहावी जागा. पण तिसरा आणि सहावा असे दोन बिट एकदम बिघडले तर हीच रीत पाचव्या जागेकडे बोट दाखवते. आपण विश्वासाने पाचवा बिट उलटतो आणि चुका दोनाच्या तीन होतात. नंतरची तपासणी मात्र स्वच्छ येते, त्यामुळे संशय घ्यायला जागाच उरत नाही.

तारेवर नेमकं हेच घडतं. तिथला एक झटका लागोपाठचे कितीतरी बिट बिघडवतो. शिवाय तारेच्या दुसऱ्या टोकाला पाठवणारा हजर असतो, त्याच्याकडे डेटाची प्रत असते आणि पुन्हा मागता येतं. शनिवार-रविवारच्या त्या यंत्राची अडचण इथे नाही. त्यामुळे दुरुस्तीपेक्षा चूक निसटू न देणं महत्त्वाचं ठरलं. १९६१ मध्ये चक्रीय कोडचा वापर चुका नुसत्या शोधण्यासाठी कसा करायचा हे मांडलं गेलं, तोच सीआरसी. थोड्या शिफ्ट रजिस्टरांत आणि एक्सॉर गेटांत भागाकार उरकतो, हा त्याचा मोठा फायदा होता. पुढे इथरनेटने ३२ बिटांचा सीआरसी घेतला. ३२ बिटांपर्यंत लांबीचा कुठलाही एक सलग झटका तो हमखास पकडतो. बाकी जुळली नाही तर फ्रेम टाकून दिली जाते. पुन्हा मागवायचं काम वरचा थर करतो.

परीक्षेतला भागाकार त्याच 1100 वर करू. जनरेटर 1011 चार बिटांचा आहे, म्हणून तीन शून्यं जोडून 1100000. पहिला एक्सॉर 0111 देतो. पुढचं शून्य उतरवून 1110, त्याचा एक्सॉर 0101. मग 1010, त्याचा 0001. शेवटचं शून्य उतरवल्यावर 0010 उरतं, त्याला भाग जात नाही, म्हणून बाकी 010. पाठवायचं 1100010.

बाकीत जनरेटरपेक्षा एक बिट कमी हवा. पुढचं शून्य गाळून 10 एवढंच लिहिलं की फ्रेम सहा बिटांची होते आणि स्वीकारणाऱ्याकडे भागाकार जुळत नाही. ही चूक फार होते.

पुस्तकं एक गोष्ट सहसा सांगत नाहीत, पण ती मला या धड्यातली सर्वांत मोलाची वाटते. 1011 ने तयार होणारे हे सात बिटांचे कोडवर्ड म्हणजे हॅमिंग कोडच आहे, फक्त बिटांच्या जागा बदललेल्या. सातांपैकी कुठलाही एक बिट बिघडला तर प्रत्येकाची बाकी वेगळी येते. डावीकडून तिसरा बिघडला तर 110, दुसरा बिघडला तर 111. म्हणजे ही बाकी वापरून बिट दुरुस्त करता आला असता. पण ती तशी वापरली तर दोन बिटांची चूक चुकीच्या दुरुस्तीखाली लपते. नुसती शोधायला वापरली तर एक किंवा दोन बिटांची प्रत्येक चूक पकडली जाते. कोड एकच, पण या दोन कामांपैकी एकच निवडावं लागतं. दोन्ही हवं असेल तर आणखी एक पॅरिटी बिट जोडावा लागतो. बऱ्याच सर्व्हरच्या मेमरीत ६४ बिटांमागे ८ जादा बिट असतात, ते याचसाठी.

तरीही सीआरसीची बाकी शून्य आली म्हणजे डेटा नक्की शुद्ध आहे, असं उत्तरात लिहू नये. 1100010 मध्ये शेवटच्या चार जागांवर नेमका 1011 चा नमुना बिघडला तर 1101001 पोहोचतं. त्याला भागून बघा, बाकी 000 येते. चुकीचा नमुना जनरेटरने पूर्ण भागला जात असेल तर ती चूक निसटते. लागोपाठ बिघडलेला पट्टा जनरेटरपेक्षा लांबीने कमी असेल तर मात्र हे कधीच घडत नाही.