ग्राफचं पान नसलं तरी यील्ड आणि ई व्हॅल्यू कशी काढायची
(आमच्या मटेरियल टेस्टिंग लॅबच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, उद्यमबाग, बेळगाव)

गेल्या पावसाळ्यात मच्छेचे एक फाउंड्रीवाले ग्राहक आमच्याकडे आले. हातात दुसऱ्या गावच्या एका लॅबचा रिपोर्ट होता, एसजी आयर्न ५००/७ च्या टेस्ट बारचा. पुण्याच्या पार्टीला ०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस आणि ई व्हॅल्यू दोन्ही हवे होते. रिपोर्टवर लिहिलं होतं ‘ग्राफ पाहा’, आणि ग्राफचं पान कुठंच नव्हतं. त्या लॅबला फोन केला तर मशीनचा कॉम्प्युटर बदलला होता. “ग्राफच नाही, आता काय करूचं?” असं म्हणत त्यांनी कागद टेबलावर ठेवला.

कागद उलटून पाहिला तर मागच्या बाजूला रीडिंगचा तक्ता छापलेला होता. मग अडचण उरली नाही. ग्राफ म्हणजे त्या तक्त्याचं चित्र. चित्र हरवलं तरी आकडे असले, तर दोन्ही उत्तरं साध्या कॅलक्युलेटरवर निघतात. ते कसं, हे त्याच बारवर दाखवतो, कारण असे कागद घेऊन येणारे तुम्ही एकटे नाही. खानापूर, निपाणीकडून येतात, आणि परीक्षेच्या दिवसांत व्हीटीयूची मुलंसुद्धा ‘आकृतीवरून काढा’ असं लिहिलेला, पण आकृतीच नसलेला प्रश्न घेऊन येतात.

बारचा व्यास १० मिमी, म्हणजे क्षेत्रफळ ७८.५४ चौरस मिमी. गेज लेंथ ५० मिमी. लांबीतली वाढ बारला चिमटा लावलेल्या एक्स्टेन्सोमीटरने मोजलेली.

| लोड (किलोन्यूटन) | लांबीतली वाढ (मिमी) |
|---|---|
| ० | ०.००० |
| २ | ०.०११ |
| ५ | ०.०२२ |
| १० | ०.०४१ |
| १५ | ०.०६० |
| २० | ०.०८१ |
| २३ | ०.१०८ |
| २५ | ०.१५३ |
| २६ | ०.१८४ |
| २७ | ०.२३० |

२७ नंतर एक्स्टेन्सोमीटर काढून घेतला होता. पुढे ४१ किलोन्यूटनला बार तुटला, म्हणजे टेन्साइल ५२२ मेगापास्कल. त्याबद्दल वाद नव्हता.

आधी सरळ भाग शोधा

ग्राफ समोर असता तर डोळ्यांनी सरळ रेषा दिसली असती. तक्त्यात ती वजाबाकीने दिसते. प्रत्येक ५ किलोन्यूटनला लांबी किती वाढली ते पाहा. ५ ते १० मध्ये ०.०१९ मिमी, १० ते १५ मध्ये पुन्हा ०.०१९. वाढ सारखी, म्हणजे इथं रेषा सरळ आहे. १५ ते २० मध्ये मात्र ०.०२१. रेषा वाकायला लागली. म्हणून आपला सरळ भाग ५ ते १५ किलोन्यूटन.

सुरुवातीचं ० ते ५ का घेतलं नाही? कारण तिथं पहिल्या २ किलोन्यूटनलाच ०.०११ मिमी वाढ झाली आहे, जी पुढच्या चालीने ०.००८ च्या आसपास असायला हवी होती. बार जबड्यात बसताना, थोडा सरळ होताना हे होतं. मटेरियलचा त्यात काही संबंध नाही. ग्राफवर हा भाग तळाशी छोट्या वाकड्या शेपटीसारखा दिसतो आणि ग्राफ बघणारा तो आपसूक सोडून देतो. तक्ता बघणारा मात्र हमखास शून्यापासून मोजायला लागतो, आणि सगळ्यात जास्त चूक इथंच होते.

आता ई व्हॅल्यू, म्हणजे कॉलेजच्या पुस्तकातला यंग मॉड्युलस. ५ ते १५ मध्ये लोड १०,००० न्यूटन वाढला. भागिले ७८.५४, म्हणजे स्ट्रेस १२७.३ मेगापास्कल वाढला. लांबी ०.०३८ मिमी वाढली. भागिले ५०, म्हणजे स्ट्रेन ०.०००७६. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की १,६७,५०० मेगापास्कल, म्हणजे सुमारे १६८ गिगापास्कल. एसजी आयर्नला हा आकडा शोभतो.

हेच कुणी शून्य ते ५ वर काढलं असतं तर १४५ आलं असतं, आणि शून्य ते १५ वर काढलं असतं तर १५९. मटेरियल तेच, बार तोच.

एक गोष्ट आमच्याकडूनच ऐका. १६७.५ असा दशांशासह आकडा रिपोर्टवर दिसला तर त्यावर फार विसंबू नका. या एक्स्टेन्सोमीटरचं सगळ्यात लहान माप ०.००१ मिमी, आणि आपण मोजतोय फक्त ०.०३८ मिमी. दोन्ही टोकांना एकेक घर इकडंतिकडं झालं तरी उत्तर पाच टक्क्यांपर्यंत हलू शकतं. डायल ०.०१ मिमीची असेल तर ई व्हॅल्यू काढायला बसूच नये.

मग प्रूफ स्ट्रेस

एसजी आयर्नमध्ये ठळक यील्ड पॉइंट नसतो. लोड कुठं अडखळत नाही, रेषा हळूहळू झुकत जाते. म्हणून ठरवून घेतलं आहे की ०.२ टक्के कायमची लांबी वाढेल तिथला स्ट्रेस धरायचा. ग्राफवर यासाठी सरळ भागाला समांतर रेषा ओढतात. तक्त्यावर तेच काम वजाबाकी करते.

५० मिमीचे ०.२ टक्के म्हणजे ०.१ मिमी. सरळ भागात लोड १० किलोन्यूटन वाढला तेव्हा लांबी ०.०३८ मिमी वाढली, म्हणजे दर किलोन्यूटनला ०.००३८ मिमी ही लोड काढल्यावर परत जाणारी वाढ. शिवाय सुरुवातीची ती शेपटी. ५ किलोन्यूटनला हिशेबाने ०.०१९ यायला हवं, आलं ०.०२२, म्हणून ०.००३ मिमी वरचं. आता एकूण वाढीतून ही दोन्ही वजा करायची. उरेल ती कायमची वाढ.

२० किलोन्यूटनला उरते ०.००२ मिमी. २५ ला उरते ०.०५५. २६ ला ०.१८४ मधून ०.००३ आणि ०.०९९ वजा केले की ०.०८२. २७ ला ०.२३० मधून ०.००३ आणि ०.१०३ वजा केले की ०.१२४. आपल्याला हवे ०.१००, म्हणजे ते २६ आणि २७ च्या मध्ये कुठंतरी आहे. २६ पासून आणखी ०.०१८ हवेत, पूर्ण टप्पा ०.०४२ चा, म्हणजे साधारण ०.४. लोड २६.४ किलोन्यूटन. भागिले ७८.५४, उत्तर ३३६ मेगापास्कल. आयएस १८६५ प्रमाणे ५००/७ ला किमान ३२० लागतात. बार पास.

आता गंमत बघा. शेपटी विसरून, १५९ ची चुकीची ई व्हॅल्यू धरून हाच हिशेब केला तर प्रूफ स्ट्रेस ३३७ येतो. फरक नाहीच म्हणा ना. त्या ठिकाणी रेषा इतकी आडवी झालेली असते की थोडं मागं-पुढं सरकलं तरी स्ट्रेस बदलत नाही. म्हणून तक्त्यावरून काढलेल्या प्रूफ स्ट्रेसवर आम्ही सही करायला तयार असतो, ई व्हॅल्यूवर मात्र दहा प्रश्न विचारतो.

माइल्ड स्टील असेल तर

सळई, प्लेट, नॉर्मलाइज केलेला ईएन-८ अशा स्टीलमध्ये यील्ड उघड दिसतं. तक्त्यात लोड वाढता वाढता थांबतो किंवा थोडा खाली येतो, आणि लांबी मात्र वाढतच राहते. खाली येण्याआधीचा सगळ्यात मोठा आकडा म्हणजे वरचा यील्ड, नंतर रेंगाळतो तो खालचा. जुन्या डायलच्या मशीनवर यालाच ‘सुई थांबली’ म्हणतात. ०.२ टक्क्यांचा हिशेब इथं लागत नाही.

पण रीडिंग दर ५ किलोन्यूटनला घेतलेलं असेल तर ही घट दोन ओळींच्या मधे हरवते. तेव्हा ‘यील्ड या दोन आकड्यांच्या मधे आहे’ एवढंच खरं सांगता येतं. ईएन-८ हार्डन-टेम्पर केलेला असेल तर ही घट नसतेच, तिथं पुन्हा वरचाच हिशेब.

ग्रे आयर्नला मात्र यील्ड मागूच नका. त्याची रेषा जवळपास पहिल्यापासूनच वाकडी असते आणि बार कायमची ०.२ टक्के वाढ फारशी न दाखवताच तुटतो.

आकडे आहेत, पण कुठले?

चिकोडीच्या एका ग्राहकांच्या स्टीलच्या तक्त्यावरून ई व्हॅल्यू आली ३१ गिगापास्कल. स्टील कुठलंही घ्या, ती २०० ते २१० च्या आसपासच असते. ३१ आले म्हणजे एक्स्टेन्सोमीटर लावलेलाच नव्हता, मशीनचा जबडा किती सरकला ते मोजलं होतं. त्या सरकण्यात बारबरोबर मशीनची फ्रेम, स्क्रू, जबड्यांचे दात सगळ्यांचा ताण मिसळलेला असतो. अशा तक्त्यातून ई व्हॅल्यू परत मिळत नाही, कितीही गणित करा.

यील्डचा अंदाज मात्र मिळतो. फ्रेमचा ताणही स्प्रिंगसारखा लोडबरोबर सरळ वाढतो, म्हणून वरच्या वजाबाकीत तो आपोआप निघून जातो. फक्त ५० मिमीऐवजी बारच्या बारीक, समांतर भागाची पूर्ण लांबी धरायची. ती ६० मिमी असेल तर कायमची वाढ ०.१२ मिमी शोधायची. बार जबड्यात मधेच घसरला असेल तर तक्त्यात एका ओळीला अचानक उडी दिसते आणि पुढं पुन्हा पहिलीच चाल सुरू होते. तशी उडी असेल तर अंदाजही सोडून द्या.

आणि तक्ता किलोग्रॅममध्ये आहे का ते बघा. जुनी मशीन्स किलोग्रॅम दाखवतात, तिथं न्यूटन मिळवायला आधी ९.८१ ने गुणावं लागतं. व्यासही कागदावरचा न धरता तुटलेल्या बारच्या जाड टोकाशी, मान पडलेल्या जागेपासून लांब, मायक्रोमीटरने ताडून बघा. तुटलेल्या बारचा व्यास ताणामुळे जरा कमीच भरतो, पण कागदावरच्यापेक्षा बराच बारीक बार ओढलेला असेल तर तिथं संशय येतो. मुळात ०.१ मिमीचा फरक स्ट्रेसमध्ये दोन टक्के चूक करतो.

तक्ताही नसेल, नुसता कमाल लोड आणि टक्के लांबी लिहिलेली असेल, तर त्यातून यील्ड निघत नाही. टेन्साइलचे साठ टक्के धरा असं सांगणारे भेटतील. तो आकडा आम्ही लिहून देत नाही. तुटलेला बार पुन्हा ओढूनही उपयोग नाही, कारण तो एकदा ताणून कडक झालेला असतो. अशा वेळी त्याच हीटचा, हीट नंबर पंच केलेला दुसरा टेस्ट बार घेऊन या. म्हणून बार ओतताना नेहमी एक जास्तीचा ओतून ठेवा.